चूक झाली, माझी चूक झाली, मी चुकले: चिठ्ठीच्या कथेबद्दल

प्रश्न: मी नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवते आणि पहिल्यांदाच कथा लिहितेय. सहावीतल्या प्रणयला वाचता येत नाही, हे त्याच्या वडिलांना कळवायला त्याच्या मॅडम चिठ्ठी लिहितात, फाडतात, परत लिहितात. असे सात मसुदे कथेत आहेत. शेवटी चिठ्ठी घरी जाते, पण ई-रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनाही वाचता येत नाही, म्हणून ते ती मुलाच्याच हातात देतात. ज्यांनी वाचली ते म्हणतात, मधे कंटाळा येतो आणि शेवट आधीच कळतो. नेमकं काय चुकतंय?

उत्तर: तुमची कथा दोनदा वाचली. एकदा सरळ, एकदा फक्त मसुदे. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की सातही मसुद्यांत तुमच्या मॅडम एकच काम करताहेत: भाषा मऊ करताहेत. पहिल्यात 'असमाधानकारक', दुसऱ्यात 'थोडा कमकुवत', तिसऱ्यात 'थोडा मागे', चौथ्यात 'अजून थोडी मेहनत हवी'. चहात साखर वाढवत गेल्यासारखं. दुसऱ्या मसुद्यालाच वाचकाला दिशा कळते, मग उरलेले पाच तो तुमच्यावर उपकार म्हणून वाचतो.

चिठ्ठी परत लिहावीशी वाटते ती शब्द टोचतो म्हणून, हे अर्धंच खरं आहे. मी सत्तावीस वर्षं वर्गावर होते आणि अशा चिठ्ठ्या मलाही लिहाव्या लागल्या. हात अडतो तो 'कमकुवत' या शब्दावर नाही, तर वाक्याचा कर्ता कोण यावर. मुलाला वाचता येत नाही, या घटनेत कुणीतरी काहीतरी केलं आहे किंवा केलेलं नाही. ते कोण, हे लिहायचं टाळता यावं अशा सगळ्या सोयी आपल्या मराठीत आहेत, आणि शाळेच्या मराठीत तर त्या शिकवल्याच जातात.

तुमचा पहिला मसुदा बघा: 'स.न.वि.वि. आपणास कळविण्यात येते की, आपला पाल्य चि. प्रणय याची वाचनातील प्रगती असमाधानकारक असून घरी अभ्यास घेण्यात यावा.' हा मसुदा झकास आहे, तो ठेवा. कळवतंय कोण? माहीत नाही. अभ्यास घ्यायचा कुणी? तेही नाही. वर 'पाल्य' म्हटलं की तो मुलगाही राहत नाही, हजेरीपटावरचा एक आकडा होतो. हीच चिठ्ठी वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या दप्तरात टाकली असती तरी चालली असती. वाचकाला तेवढं जाणवलं की पहिल्या मसुद्याचं काम झालं.

पुढच्या मसुद्यांत शब्द नाही, कर्ता बदला. 'प्रणयला वाचता येत नाही' असं लिहिलं की सगळं त्याच्या अंगावर जातं. 'तुम्ही घरी त्याच्याकडे बघत नाही' म्हटलं की बापाच्या. मग मॅडमना स्वतःचीच लाज वाटते, कारण सकाळी सातला निघून रात्री दहाला येणारा माणूस कधी बघणार? मग येतं 'त्याचं वाचन राहून गेलं'. हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात कुणीच काही केलेलं नाही. छत्री बसमध्ये राहून जाते तसं एका मुलाचं वाचन राहून गेलं. त्यानंतर 'आमच्याकडून दुर्लक्ष झालं', आणि हे 'आमच्याकडून' मोठं लबाड असतं. त्यात मुख्याध्यापक आले, आधीचे वर्गशिक्षक आले, सरकारही आलं, आणि त्या गर्दीत लिहिणारी बाई मागच्या बाकावर जाऊन बसली. आता कथा कुठे चालली आहे हे तुम्हाला दिसेल. ती 'मी'कडे चालली आहे आणि मॅडमना तिकडे जायचं नाही.

पण त्यासाठी मॅडमचं काहीतरी देणं असायला हवं. तुमच्या कथेत त्या प्रणयला जूनमध्ये पहिल्यांदा भेटतात आणि ऑक्टोबरात चिठ्ठी लिहितात. चार महिन्यांत त्यांचा काय दोष? म्हणूनच त्यांना भाषा मऊ करण्यापलीकडे काही उद्योग उरत नाही. माझी सूचना अशी की प्रणय दुसरीत त्यांच्याच वर्गात होता असं करा. मधली दोन वर्षं दुसरीकडे गेली आणि आता तो परत त्यांच्यापुढे आला. लहान शाळांत हे सर्रास होतं.

आणि त्याला सहावीतून पाचवीत आणा. हे फक्त कथेच्या सोयीसाठी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवणं बंद झालं. २०१९ मध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, तीही जमली नाही तर त्याच वर्गात. म्हणजे आजच्या काळातला प्रणय सहावीत बसला असेल तर तो पाचवीची परीक्षा कसा ओलांडून आला, हे तुमची शिक्षक वाचक पहिल्याच पानावर विचारणार. पाचवीत आणलंत तर प्रश्न सुटतो आणि कथेला न मागता घड्याळ मिळतं. दुसरीपासून जे वर्षानुवर्षं पुढे ढकललं ते या एप्रिलमध्ये उघडं पडणार आहे. तुमच्या मॅडम आत्ताच चिठ्ठी का लिहिताहेत याचं उत्तर मूळ कथेत नव्हतं, ते इथे आहे. कथेत मात्र कायद्याची तारीख घालू नका. 'यंदा पाचवी आहे' एवढं एका शिक्षिकेने दुसरीला म्हणावं, बस.

आता मॅडमना हे कळलं कसं? तुम्ही लिहिलंय: 'चाचणीचे पेपर तपासताना तिच्या लक्षात आलं.' एवढी मोठी गोष्ट एका वाक्यात उरकू नका. न वाचणारा मुलगा चार वर्षं वर्गात लपतो कसा, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं आणि तुम्हाला ठाऊक आहे. तो कानाने शिकतो. वर्गात धडा सगळे मिळून मोठ्याने म्हणतात, त्या आवाजात त्याचाही आवाज असतो. कविता तर दोनदा ऐकली की पाठ. वाचायला उभं केलं की तो पुस्तक हातात धरतो, ओळीखाली बोट फिरवतो आणि पाठ झालेलं म्हणतो. बोट आणि आवाज यांची चुकामूक कुणी बघत नाही, कारण शिक्षकाचं लक्ष आवाजाकडे असतं.

हा प्रसंग मी असा लिहिला असता. प्रणय उभा राहून वाचतोय. मॅडम बाकांमधून फिरताहेत. खिडकीतून वारा येतो, पान उलटतं. प्रणय थांबत नाही. पुढचं पान चित्राचं आहे, त्यावर पाणी भरणाऱ्या बायका आहेत, आणि प्रणयचं बोट त्या बायकांच्या घागरींवरून सरळ रेषेत डावीकडून उजवीकडे चाललं आहे. आवाज खणखणीत, एकही चूक नाही. मॅडम काही बोलत नाहीत. त्या फक्त त्याच्या मागे जाऊन उभ्या राहतात आणि वाचन संपल्यावर 'छान' म्हणतात.

तो 'छान' ठेवाच. चिठ्ठी त्याच्यावरच उभी आहे.

मग मधल्या सुट्टीत त्या त्याला एकट्याला बोलावतात आणि पाठ्यपुस्तक नाही, दुसरंच काही पुढे करतात. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा असेल, पोहे बांधून आणलेला, तर्रीचा डाग पडलेला. शिक्षक हे असंच तपासतात: पाठ असणं शक्य नाही असा मजकूर द्यायचा, किंवा ओळीच्या मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवायचा. मुलगा 'घर'ला 'धर' म्हणतो, 'भात'ला 'मात' म्हणतो, मात्रा आणि वेलांट्या गिळतो, जोडाक्षर आलं की खोकतो. स्वतःचं नाव मात्र तो लिहितो. 'परणय' असं. जोडाक्षर सोडवून, आपल्या पुरतं सोपं करून. ही वही मॅडम रोज तपासत होत्या आणि लाल पेनने 'प्र' दुरुस्त करत होत्या.

इथे एक खड्डा आहे, तो चुकवा. तुमच्या पाचव्या मसुद्यात मॅडम मोबाइलवर लक्षणं वाचतात आणि चिठ्ठीत 'डिस्लेक्सिया' लिहितात. लिहून खोडत असतील तर चालेल, पण कथेने त्या शब्दावर शिक्कामोर्तब करू नये. असं निदान करणं शिक्षिकेचं काम नाही, त्यासाठी तज्ज्ञांकडून तपासणी होते. पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात न शिकवता पुढे ढकललेला मुलगा आणि खरी अध्ययन अक्षमता असलेला मुलगा वरवर सारखेच दिसतात. आणि कथेच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे निदान झालं की मॅडम सुटल्या. दोष मेंदूचा निघाला. वाचकाने त्यांना तिथून पळू देऊ नये, आणि तुम्हीही देऊ नका.

यानंतर मॅडम कपाट उघडतात. चौथ्या मसुद्यानंतरचा हा प्रसंग मला कथेचा कणा वाटतो आणि तो तुमच्याकडे नाही. जुन्या मूल्यमापन नोंदी त्यांना सापडतात, दुसरीच्या. तुम्ही रोज भरता म्हणून तुम्हाला सांगायला नको, पण वर्णनात्मक नोंदी आपण कशा भरतो? तयार वाक्यांची यादी मिळते, त्यातून एक-एक वाक्य उचलून समोरच्या नावापुढे टाकायचं. सत्र संपायला दोन दिवस, चाळीस मुलं, प्रत्येकाला प्रत्येक विषयाची नोंद. मीही तशाच भरल्या. तर मॅडमना त्यांच्याच अक्षरात प्रणयपुढे लिहिलेलं दिसतं: 'कविता तालासुरात म्हणतो. वाचनाची आवड आहे.'

यात पहिलं वाक्य यादीतलं नाही, खरं आहे. तो तालासुरात म्हणत होता. तेच तर लपण्याचं साधन होतं. आणि दुसरं वाक्य पहिल्यावरून मॅडमनी काढलेला निष्कर्ष. त्यांनी खोटं लिहिलं नाही, नीट बघितलंही नाही. अशी नोंद सापडल्यावर चिठ्ठीतलं 'आमच्याकडून' टिकत नाही.

आता शेवटाबद्दल. बापाला वाचता येत नाही, हे धक्का म्हणून वापरलंत आणि तिथेच कथा फसली. चिठ्ठी, न वाचणारा मुलगा आणि ई-रिक्षावाला बाप म्हटलं की सरावलेला वाचक दुसऱ्या परिच्छेदात हे ओळखतो. मग तो धक्का उरत नाही, गरिबावरचा एक विनोद उरतो, आणि तो तुम्हाला करायचा नव्हता हे मला माहीत आहे. ही माहिती शेवटून काढून पहिल्या पानावर आणा. मॅडमना ती आधीपासून आहे. प्रगतिपुस्तकावर सही करताना त्यांनी बापाला पाहिलं आहे: जीभ दातांत धरून, एक-एक अक्षर चित्रासारखं काढताना.

म्हणजे चिठ्ठी दुसरंच कुणी वाचणार. कोण?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट सांगते. एका मुलाच्या वडिलांना मी 'बौद्धिक प्रगती असमाधानकारक' अशी चिठ्ठी पाठवली होती. मोठ्या ऐटीत, वळणदार अक्षरात. त्यांनी ती घराजवळच्या पानठेल्यावर नेली. ठेलेवाल्याने चार माणसांत मोठ्याने वाचली आणि अर्थही सांगितला: 'बाईनं लिवलं का पोट्ट्याचं डोस्कं चालत नाई.' मुलगा बापाचं बोट धरून तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशी वडील आले, भांडले नाहीत. फक्त चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'बाई, हे मले एकट्याले सांगतलं असतं तं बरं झालं असतं.' ती चिठ्ठी लिहायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

तेव्हापासून मला कळलं की अशी चिठ्ठी डोळ्यांनी वाचली जात नाही, ती कुणाच्या तरी तोंडून ऐकली जाते. तुमच्या कथेत हे तोंड कुणाचं, हे तुम्ही नकळत लिहून ठेवलं आहे. चौथ्या पानावर एका ओळीत एक धाकटी बहीण येऊन जाते. तिसरीतली छकुली, 'खडाखडा वाचणारी'. घरात आजी, बाप, प्रणय आणि छकुली. तर चिठ्ठी छकुली वाचणार. आठ वर्षांची मुलगी मोठ्याने, आजीसमोर, भावासमोर वाचणार की भावाला वाचता येत नाही.

हे मॅडमना ज्या क्षणी सुचतं तिथून मसुद्यांची जातच बदलते. आधी प्रश्न होता, दोष कुणाचा. आता प्रश्न येतो, छकुलीच्या तोंडी मी काय देतेय. गंमत बघा: 'असमाधानकारक' या शब्दात एकही जोडाक्षर नाही. छकुली तो अक्षर-अक्षर जुळवून बिनचूक वाचेल. अर्थ तिलाही कळणार नाही, आजीलाही नाही, पण वाईट काहीतरी आहे हे सगळ्यांना कळेल. उलट साधा शब्द तिला कळेल आणि तिचा आवाज बारीक होईल. मॅडमना यातलं एक निवडायचं आहे, आणि दोन्ही पर्याय वाईट आहेत. 'फिरून फिरून लिहिणं' म्हणतात ते इथे सुरू होतं. तुमच्या कथेत ते सुरू होण्याआधीच संपलं होतं.

आजचा वाचक आणखी एक विचारेल: फोन का नाही केला? खरंच, अशी गोष्ट चिठ्ठीत लिहूच नये, समोर बसवून सांगावी, हे कुठलीही जुनी शिक्षिका सांगेल. म्हणून ती वाट कथेत आधीच बंद करा. मॅडमनी दोनदा फोन लावला, रिचार्ज संपल्याने इनकमिंग बंद आहे. सभेला बाप येत नाही, कारण त्या वेळी रिक्षा बंद ठेवली तर दिवसाची कमाई गेली. आणि चिठ्ठीचा हेतूही त्यामुळे बारीक होतो: सगळं सांगणं नाही, त्याला शाळेत आणणं. पण नुसतं 'येऊन भेटा' लिहिलं तर तो येणार नाही. पोराने खोडी केली असेल म्हणून घरीच दोन फटके देऊन मोकळा होईल. म्हणजे मॅडमना थोडं तरी खरं लिहावंच लागतं. त्याशिवाय तो रिक्षा सोडून यायचा नाही.

मसुदे छापायचे कसे? सातही पूर्ण छापू नका. पहिला पूर्ण. दुसऱ्याच्या दोन ओळी. तिसऱ्याचं एकच वाक्य, 'राहून गेलं'वालं. चौथ्याचा फक्त एक शब्द, 'आमच्याकडून', आणि त्यावर मारलेली काट. मग कपाट, मग छकुलीचा विचार, आणि शेवटचा परत पूर्ण. कागदाचे बोळे करून टोपलीत फेकणं काढा. ते फार जणांनी केलं आहे, शिवाय खरी शिक्षिका असं करत नाही. टोपली मुलंच रिकामी करतात. त्या चिठ्ठ्या घडी घालून पर्समध्ये टाकतील. आणि वेळ दिवसभराचा ठेवू नका, शनिवारची सकाळची शाळा घ्या. वर्गात मुलांना शुद्धलेखन दिलंय, मॅडम हजेरीच्या आडोशाने लिहिताहेत, घंटा व्हायला पाऊण तास आहे, आणि प्रणय तिसऱ्या बाकावर शुद्धलेखन उतरवतोय. उतरवतो तो सुरेख. त्याच्यासाठी ते चित्रच आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल, ज्यासाठी एवढं लिहिलं. 'चूक झाली' या वाक्यात चूक आपोआप होते. 'आमच्याकडून चूक झाली', त्यात गर्दी आहे. 'माझी चूक झाली' जवळ येतं, पण क्रियापद अजून चुकीच्याच मागे आहे: चूक झाली, ती स्त्रीलिंगी म्हणून 'झाली'. लिहिणारा पुरुष असता तरी 'झाली'च राहिलं असतं. 'मी बघितलं नाही' असं लिहून पाहा. 'मी' आला, तरी 'बघितलं' त्या 'मी'कडे ढुंकून बघत नाही. भूतकाळातली अशी सकर्मक क्रियापदं आपल्याकडे बहुधा कर्त्याला चिकटत नाहीत. आणि मग 'मी चुकले'. इथे पहिल्यांदा क्रियापद लिहिणारीच्या अंगाला लागतं. त्यात तिचं बाईपण दिसतं, ती एकटी दिसते. दोन शब्द आहेत, एकही जोडाक्षर नाही, छकुलीला वाचता येतील आणि कळतीलही. हे व्याकरण कथेत एका अक्षरानेही सांगायचं नाही. मॅडमना व्याकरण शिकवताना वर्गात दाखवलंत तर मी कथा परत पाठवीन. फक्त वाक्यं या क्रमाने येऊ द्या, कान आपोआप ऐकतो.

मी जमवून बघितलेली चिठ्ठी अशी. तुम्ही तुमच्या मॅडमच्या आवाजात बदला:

'प्रणयचे बाबा, प्रणयला अजून वाचता येत नाही. तो हुशार आहे, ऐकून सगळं पाठ करतो, म्हणून कुणाला कळलं नाही. दुसरीत तो माझ्याच वर्गात होता. मला कळायला हवं होतं. मी चुकले. त्याला रागावू नका. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं या, मी गेटवर थांबते. छकुली, तू छान वाचलंस. आता ही घडी करून बाबांच्या खिशात ठेव.'

छकुलीला उद्देशून असलेलं वाक्य असावं की नसावं, यावर मी स्वतःशीच भांडले. थोडं गोड होतं. पण वाचणाऱ्या मुलीला चिठ्ठीतच जागा दिली नाही तर ती त्या घरात निरोप्यासारखी उभी राहते. शिवाय 'छान' हा शब्द मॅडमनी सकाळीच एकदा चुकीच्या मुलाला वापरलेला आहे. तुम्हाला जड वाटलं तर काढा.

चिठ्ठी कुणाच्या हाती द्यायची, हेही मॅडमना ठरवू द्या. छकुली त्याच शाळेत आहे, तिच्या दप्तरात टाकणं सुरक्षित. पण तसं केलं तर प्रणयला वगळून त्याच्याबद्दल बोलल्यासारखं होतं. म्हणून घंटा झाल्यावर त्या प्रणयलाच थांबवतात आणि घडी त्याच्या हातात देतात. बापाने चिठ्ठी मुलाकडे द्यावी, हा तुमचा शेवट होता ना? तो घरातून उचलून वर्गात आणा, रिकाम्या वर्गात. प्रणय घडी उघडतो. बोट पहिल्या ओळीखाली ठेवतो, सवयीने. पण हे पाठ नाही. तो वर बघतो.

'मॅडम, काय लिवलं हाये यात?'

सकाळपासून बापाला, छकुलीला, आजीला डोळ्यांपुढे आणून लिहिलं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला अजून कुणी काही सांगितलेलंच नाही. मॅडमना ती त्याला वाचून दाखवावी लागते. कागदावर 'मी चुकले' आहे, पुस्तकी. तोंडून मात्र घरचं येतं, आपण नागपूरकडच्या बाया बोलतो तसं: 'मी चुकली.' हा फरक कथेत नुसता घडू द्या, त्याकडे बोट दाखवू नका.

आणि प्रणयच्या तोंडी रडणं देऊ नका, क्षमा देऊ नका, 'मले माहीत हाये मॅडम' असलं शहाणपण तर अजिबात नको. मला ऐकू येतं ते इतकंच. तो चिठ्ठी कंपासपेटीत ठेवतो, पट्टीखाली, आणि दप्तराची चेन ओढता ओढता म्हणतो, 'पन मॅडम, बाबा राती दहाले येते. तवर छकुली झोपून जाते.'